टाउन हॉलचा ट्रान्सक्रिप्ट ते एका पानाचा एफएक्यू: प्रकल्प नोंदी

१० मार्च

आज चार वाजता कॅन्टीनमध्ये टाउन हॉल झाला. विषय मेन म्हणजे १ एप्रिलपासूनची नवीन मेडिक्लेम पॉलिसी, मग बसचे प्रश्न, थोडं कॅन्टीन, थोडं सुट्ट्यांचं. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ठेवला होता त्यामुळे फर्स्ट आणि जनरलवाले भरपूर होते, पण सेकंड शिफ्ट लाईनवर होती आणि थर्डवाले घरी झोपलेले. म्हणजे आमच्या चाकणच्या प्लांटमधली निम्म्याहून जास्त माणसं हजरच नव्हती. संभाजीनगरच्या गोडाऊनवाले ऑनलाईन जॉईन झाले होते पण त्यांचा आवाज मधेमधे जात होता.

एचआर मॅडमनी मला सांगितलं की जे आले नाहीत त्यांच्यासाठी एफएक्यू बनव, एका पानात बसला पाहिजे, कॅन्टीनच्या बोर्डावर लागेल आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल. रेकॉर्डिंग दीड तासाचं आहे. मी निघायच्या आधी तीन गोष्टी गोळा करून ठेवल्या: रेकॉर्डिंगची फाईल, मीटिंगचा चॅट, आणि दाराजवळच्या डब्यातल्या चिठ्ठ्या. चॅट लगेच सेव्ह करून घेतला कारण तो ट्रान्सक्रिप्टमध्ये येत नाही, आणि गोडाऊनवाल्यांचे जवळजवळ सगळे प्रश्न तिथेच टाईप केलेले आहेत. फक्त ट्रान्सक्रिप्टवरून काम केलं असतं तर एफएक्यूत संभाजीनगरचा एकही प्रश्न आला नसता आणि तिकडच्या लोकांना वाटलं असतं की आपल्याला कुणी विचारतच नाही. चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवलेत.

११ मार्च

ट्रान्सक्रिप्ट ऑटोमॅटिक निघालेला आहे, मराठी, हिंदी आणि इंग्लिश मिक्स बोललेलं असल्यामुळे अवस्था काय असेल ते सांगायला नको. माईक एकच होता म्हणून सगळे बोलणारे "स्पीकर १" आहेत. प्रश्न कुणी विचारला त्याचा मला उपयोग नाही, पण उत्तर प्लांट हेडनी दिलं की एचआर मॅडमनी की विमा ब्रोकरकडून आलेल्या माणसाने, हे कळणं फार गरजेचं आहे कारण बसवर ब्रोकरने काही बोललं तर त्याला अर्थ नाही आणि मेडिक्लेमवर प्लांट हेड जे बोलले ते ब्रोकरकडून तपासून घ्यावं लागणार. त्यामुळे आधी ऑडिओ लावून प्रत्येक उत्तरापुढे बोलणाऱ्याचा रोल लिहीत गेले.

सगळा ट्रान्सक्रिप्ट शब्द न शब्द दुरुस्त करत बसायची गरज नाही, तो कुणी वाचणार नाहीये. मी फक्त दोन प्रकारच्या जागा ऑडिओशी लावून बघितल्या: जिथे आकडा किंवा तारीख आहे, आणि जिथे वाक्य "येणार, मिळणार, चालणार, लागणार" असं संपतंय. ही दुसरी यादी कशासाठी ते खालच्या तुकड्यावरून कळेल, ट्रान्सक्रिप्टमध्ये हे असं आलंय:

```
00:41:07.000 --> 00:41:13.000
नावं एकवीस मार्चपर्यंत द्या एप्रिलनंतर
आईवडिलांचं नाव मध्येच घालता येणार
```

ऑडिओत मॅडम म्हणाल्यात "एकतीस मार्चपर्यंत द्या, एप्रिलनंतर आईवडिलांचं नाव मध्येच घालता येणार नाही". एकतीसचं एकवीस झालं आणि शेवटचा "नाही" गेला. आपण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी टाकतो, तिथे बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो, आणि नेमकं तेव्हाच मागे खुर्ची सरकते नाहीतर पुढचा माणूस प्रश्न सुरू करतो, की मशीनला तो "नाही" ऐकूच जात नाही. एका शब्दाने सगळा अर्थ उलटा. हे जर असंच एफएक्यूत गेलं असतं तर लोक निवांत राहिले असते की एप्रिलनंतर टाकू आईचं नाव, आणि मग वर्षभर बाहेर. असे "नाही" गेलेल्या जागा अजून पण सापडल्या, एक कॅन्टीनच्या कुपनची आणि एक कॉम्प ऑफची, पण ही सगळ्यात महागात पडणारी होती.

जे ऑडिओत पण नीट ऐकू येत नाही तिथे अंदाज लावला नाही. "ऐकू येत नाही, मॅडमना विचारायचं" असं लिहून ठेवलं.

१३ मार्च

काल गुरुवार, प्लांटला सुट्टी. आज शीट बनवली. कॉलम असे ठेवलेत: प्रश्न जसा विचारला तसा, रेकॉर्डिंगमधली वेळ, उत्तर कुणी दिलं, उत्तर काय दिलं, आणि मग उत्तराची जात. हा शेवटचा कॉलम म्हणजे या कामाचा जीव आहे आणि त्याच्यावर आज जवळजवळ सगळा दिवस गेला.

जात म्हणजे तीनच: "ठरलंय", "ठरलेलं नाही", "उत्तर दिलंच नाही". ऐकायला सोपं आहे, पण समोर माणूस उभा राहून बोलत असतो तेव्हा आपल्याकडे कुणी सरळ "ठरलेलं नाही" असं म्हणत नाही. म्हणतात "करून टाकू", "बघू आपण", "होऊन जाईल", "त्याचं काही टेन्शन घेऊ नका". हॉलमध्ये बसलेल्याला बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून साधारण अंदाज येतो की हे कितपत पक्कं आहे, पण कागदावर "करून टाकू" उतरलं की ते वचन होतं. आणि सहा महिन्यांनी बोर्डावरच्या कागदाचा फोटो दाखवून कुणीतरी विचारणार, की लिहून दिलं होतं ना.

म्हणून मी स्वतःसाठी एक नियम केला: "ठरलंय" तेव्हाच म्हणायचं जेव्हा उत्तरात कधीपासून आणि कुणासाठी हे दोन्ही आहे आणि त्याला एखादा कागद आहे, म्हणजे पॉलिसी, सर्क्युलर, निदान मंजुरीची मेल. तिन्हीपैकी एक जरी नसेल तर "ठरलेलं नाही", बोलणारा कितीही ठाम वाटला तरी.

बसचं उदाहरण. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते आणि राजगुरूनगरकडच्या लोकांना तेव्हा काहीच मिळत नाही, हा प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला आणि चिठ्ठ्यांमध्येही होता. प्लांट हेड म्हणाले "राजगुरूनगरचं आपण करून टाकू, मी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलतो". टाळ्या पण पडल्या. मी ॲडमिनला जाऊन विचारलं तर ठेकेदाराशी अजून बोलणं झालेलं नाही, सध्याचं काँट्रॅक्ट मोशी, आळंदी आणि तळेगाव या रूटचंच आहे, नवीन रूट म्हणजे नवीन दर मागवावा लागणार. म्हणजे कधीपासून नाही, कागद नाही. जात: ठरलेलं नाही.

"उत्तर दिलंच नाही" हे ओळखायला जास्त अवघड जातं कारण तिथे पण भरपूर बोललेलं असतं. एकाने विचारलं होतं की लॉकरची संख्या वाढणार का, त्यावर जवळपास चार मिनिटं फाईव्ह एस आणि शिस्तीवर उत्तर आहे आणि त्यात लॉकर हा शब्दच नाही. असं उत्तर लांबीवरून ओळखता येत नाही, प्रश्नातला मुख्य शब्द उत्तरात परत येतो का ते बघायचं.

१४ मार्च

सगळे मिळून तीसच्या वर प्रश्न निघाले, पानात बसणार आठ नऊ. निवड करायची होती.

आधी एकसारखे प्रश्न एकत्र केले. इथे शब्द बघून एकत्र करायचं नाही तर विचारणाऱ्याला काय पाहिजे ते बघून करायचं. "आई साठीच्या पुढे आहे चालेल का", "वडिलांना शुगर आहे घेतील का" आणि "सासूसासरे घालता येतात का" हे तीन वेगळे दिसतात, पण तिन्हीत विचारायचं एकच आहे, की घरातल्या कुणाचं नाव घालता येतं. एकाच उत्तरात तिघांचं होऊन जातं: बायको किंवा नवरा, दोन मुलं कंपनीकडून, आईवडील किंवा सासूसासरे यांच्यापैकी एकच जोडी पगारातून हप्ता भरून, जुना आजार असला तरी चालतो. उलट "बिल लगेच भरावं लागतं का" आणि "बिलातले किती मिळतात" हे दोन्ही बिलाबद्दल असले तरी वेगळेच ठेवले.

खासगी प्रश्न काढले. एका दादांनी बायकोच्या ऑपरेशनचं सगळं सविस्तर सांगून विचारलं होतं, तिथे जमलेल्या लोकांनी ऐकलं हे खरं, पण ऐकणं वेगळं आणि बोर्डावर महिनाभर लटकणं वेगळं. नाव काढून पण भागत नाही कारण लाईनवर सगळ्यांना माहिती असतं कुणाच्या घरी काय चालू आहे. त्यांच्या प्रश्नातला सगळ्यांच्या कामाचा भाग एवढाच होता की आधीच्या पॉलिसीत सुरू झालेली ट्रीटमेंट १ एप्रिलनंतर चालू राहिली तर पैसे कुठून मिळणार, तेवढा घेतला. बाकी मॅडमना सांगून त्यांना थेट फोन करायला लावला.

आणि एक प्रश्न मी माझ्याकडून घातला जो कुणीच विचारला नव्हता: "मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, हे मला लागू आहे का?" टाउन हॉलला कॉन्ट्रॅक्टच्या मुलांना बोलावलंच नव्हतं म्हणून तो प्रश्न आला नाही, पण कॅन्टीनचा बोर्ड तेही वाचतात, आणि कागदावर "सर्व कर्मचारी" असं लिहिलं तर ते साहजिकच स्वतःला त्यात धरणार. उत्तर सरळ आहे की ही पॉलिसी कंपनीच्या पेरोलवरच्या लोकांची आहे, कॉन्ट्रॅक्टच्या माणसाने आपल्या ठेकेदाराकडे ईएसआयसी कार्डाची चौकशी करावी. कडू उत्तर आहे, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर कळण्यापेक्षा बोर्डावर कळलेलं बरं.

प्रश्नांची भाषा विचारणाऱ्याच्या तोंडचीच ठेवली आहे, मी, माझ्या, मला असं. "अवलंबितांच्या समावेशाबाबत धोरण" असं लिहिलं की लाईनवरचा माणूस पुढे वाचतच नाही.

१६ मार्च

रूम रेंट. हा एकच मुद्दा आज दिवसभर चालला आणि तो तेवढा वेळ द्यायच्या लायकीचाच होता.

टाउन हॉलमध्ये कुणीतरी विचारलं की रूमचं भाडं किती मिळणार. प्लांट हेडनी उत्तर दिलं: विमा तीन लाखाचा, रूमला रोज त्याच्या एक टक्का म्हणजे ३,००० रुपये, "वरची रूम घेतली तर वरचा फरक तेवढा आपण भरायचा". ट्रान्सक्रिप्ट बरोबर आहे, ऑडिओ बरोबर आहे, ते बोलले ते हेच. पण पॉलिसीच्या कागदात असं नाहीये, तिथे प्रपोर्शनेट डिडक्शनचं, म्हणजे प्रमाणात कपातीचं कलम आहे. ब्रोकरच्या माणसाला फोन लावला आणि एक बिल घेऊन दोघांनी हिशेब मांडला.

समजा माणूस दोन दिवस ॲडमिट आहे आणि त्याने ५,००० ची रूम घेतली. रूमचे झाले १०,०००. डॉक्टरची फी, ओटी, नर्सिंग वगैरे मिळून ५०,०००. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेला एखादा इम्प्लांट धरून ४०,०००. एकूण बिल एक लाख. टाउन हॉलमध्ये ऐकलेल्यावरून कुणीही म्हणेल की रोजचे दोन हजार वरचे, दोन दिवसांचे चार हजार माझे, बाकी ९६,००० विम्याचे.

खरा हिशेब असा होतो की रूमचे ६,००० मिळणार. पण रूम मर्यादेपेक्षा वरची घेतली म्हणून ३,००० भागिले ५,००० या प्रमाणात, म्हणजे साठ टक्केच, डॉक्टर, ओटी, नर्सिंगचे मिळणार: ५०,००० चे ३०,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कपात लागत नाही, ते ४०,००० पूर्ण. सगळं मिळून ७६,०००. माणसाच्या खिशातून गेले २४,०००. चार हजार आणि चोवीस हजार, लाईनवरच्या माणसासाठी हा फरक केवढा आहे ते वेगळं सांगायला नको.

असं का, तर बऱ्याच हॉस्पिटलमध्ये रूमचा वर्ग चढला की त्याच ऑपरेशनचा, त्याच डॉक्टरचा दर पण चढतो, विमा कंपनी म्हणते तो चढलेला भाग आम्ही देणार नाही. जिथे रूमप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही कपात करायची नसते आणि आयसीयूच्या खर्चाला पण प्रमाणातली कपात नसते. हे सगळं मी एफएक्यूत घातलं नाही, त्याने गोंधळच वाढला असता. एफएक्यूत एवढंच आलं:

प्रश्न: ३,००० पेक्षा महाग रूम घेतली तर काय होतं?
उत्तर: फक्त रूमचा फरक नाही, डॉक्टर, ओटी आणि नर्सिंगच्या बिलाचा पण काही भाग तुम्हाला भरावा लागतो. उदाहरण: ५,००० ची रूम दोन दिवस, एकूण बिल १,००,०००, त्यात तुमच्या खिशातून सुमारे २४,००० जाऊ शकतात. ॲडमिट होताना विमा डेस्कला सांगा: "माझी मर्यादा ३,००० आहे, त्यातली रूम द्या." टाउन हॉलमध्ये हा मुद्दा थोडक्यात सांगितला होता, पूर्ण हिशेब हा आहे.

शेवटच्या ओळीवरून मॅडमशी बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं साहेब चुकले असं दिसेल, ओळ काढ, बरोबर उत्तर आहे ना मग बास. मी म्हटलं मॅडम, हॉलमध्ये दीडदोनशे माणसांनी "फरक तेवढा भरायचा" हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि तेच सेकंड शिफ्टवाल्यांना सांगतायत, आपला कागद गपचूप वेगळं बोलला तर लोक साहेबांच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवणार, कागदावर नाही. जिथे बोललेलं आणि खरं यात फरक आहे तिथे फरक आहे हे लिहावंच लागतं. त्या म्हणाल्या साहेबांना तू दाखव.

१७ मार्च

प्लांट हेडसोबत अर्धा तास मिळाला. रूम रेंटचा हिशेब त्यांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः केला आणि म्हणाले ओळ ठेव, उलट हा प्रश्न पहिला घे, म्हणून तो वर नेला. मला हे मनापासून आवडलं.

बसवर मात्र वाद झाला. माझ्या ड्राफ्टमध्ये "अजून ठरलेलं नाही" होतं, त्यांना "लवकरच सुरू होईल" पाहिजे होतं. माझं म्हणणं असं की "लवकरच" हे उत्तर नाहीये, वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळायला पाहिजे की मी रात्रीची सोय स्वतः करू का थांबू, आणि "लवकरच" वाचून तो थांबतो. शेवटी असं ठरलं: "राजगुरूनगर रूट अजून ठरलेला नाही. ठेकेदाराकडून दर मागवलाय. पुढची माहिती ॲडमिन २५ मार्चपर्यंत याच बोर्डावर देईल." ठरलं नाही हे आहे, कोण सांगणार ते आहे, कधी सांगणार ते आहे. तारीख घालायला ॲडमिन तयार नव्हता, साहेबांनी समोरच फोन करून घेतली.

दोन उत्तरं बाहेरून तपासून आली. एक जीएसटीचं. गोडाऊनमधून चॅटवर प्रश्न होता की हेल्थ इन्शुरन्सवरचा जीएसटी शून्य झाला मग आईवडिलांच्या हप्त्यात आमच्याकडून का कापता. टाउन हॉलमध्ये याला "चेक करून सांगतो" असं उत्तर होतं. अकाउंट्सने सांगितलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून सूट मिळाली ती माणसाने स्वतः घेतलेल्या वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीला, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीला नाही, तिथे १८ टक्के चालूच आहे. रास्त प्रश्न होता आणि त्याला सरळ उत्तर आहे, घातलं.

दुसरं कॅशलेसचं. टाउन हॉलमध्ये मॅडम म्हणाल्या होत्या दोन तासांत मंजुरी येते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे ॲडमिट होतानाच्या कॅशलेस मंजुरीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. पण घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने रिक्वेस्ट पाठवल्यापासून, आपण दारात पोचल्यापासून नाही. म्हणून उत्तरात तासांपेक्षा जास्त भर यावर दिला की ई-कार्ड आणि ओळखपत्र पोचल्या पोचल्या विमा डेस्कवर द्या आणि रिक्वेस्ट गेली का ते विचारा.

१८ मार्च

आज सेकंड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत प्रिंट घेऊन गेले. जे टाउन हॉलला नव्हते असेच लोक निवडले, असेंब्लीतले दोघं, प्रेस शॉपमधले एक मामा आणि क्वालिटीतली एक ताई. त्यांना "कसं वाटलं" असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळे छान आहे म्हणतात. प्रश्न दिले: तुमच्या वडिलांचं नाव घालायचंय, काय करणार? वडिलांचं ५०,००० चं बिल झालं, तुम्ही किती भरणार? राजगुरूनगरची बस कधीपासून? आणि कागदात बघून सांगा म्हटलं.

बसचं चौघांनी बरोबर सांगितलं. बिलावर तिघं अडकले. कागदात "पालकांसाठी १० टक्के को-पे" लिहिलं होतं आणि को-पे म्हणजे कंपनी कोणाबरोबर तरी मिळून भरते असं मामांनी वाचलं, शब्दावरून तसंच वाटतं. बदललं: "आईवडिलांच्या बिलातले दर १०० रुपयांमागे १० रुपये तुम्ही भरायचे". आता ५०,००० ला ५,००० हे लगेच निघालं.

नाव घालण्याच्या प्रश्नाने मात्र मोठी गोष्ट बाहेर काढली. ताई कागद वाचून म्हणाली, एकतीस मार्चपर्यंत फॉर्म द्यायचा ते कळलं पण द्यायचा कुठे, आम्ही येतो साडेतीनला आणि लाईन सोडता येत नाही, एचआर सहाला बंद, थर्डवाल्यांना तर एचआरचं दार उघडं दिसतच नाही. दीड तासाच्या टाउन हॉलमध्ये हे कुणीच विचारलं नव्हतं, कारण तिथे बसलेले सगळे एचआर उघडं असताना प्लांटमध्ये असतात. जे हजर नव्हते त्यांचे प्रश्न हजर असलेल्यांच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये सापडणार कुठून. मॅडमशी बोलून संध्याकाळीच ठरवलं की टाइम ऑफिसला, पंचिंग मशीनच्या शेजारी, कोरे फॉर्म आणि कुलूपबंद पेटी ठेवायची, चोवीस तास. ते उत्तरात आलं.

यासाठी जागा करायची म्हणून कॅन्टीनच्या मेनूचा प्रश्न काढला. त्याचं उत्तर तसंही "कमिटीकडे दिलंय" एवढंच होतं.

२० मार्च

काल गुरुवारची सुट्टी आणि पाडवा एकाच दिवशी आला, म्हणून आज लावला. कॅन्टीन बोर्ड, टाइम ऑफिस, दोन्ही शॉपच्या सुपरवायझर केबिनबाहेर. गोडाऊनला मेलने पाठवून तिथल्या इनचार्जला प्रिंट लावून फोटो पाठवायला सांगितला, फोटो आला.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ न टाकता पानाचा फोटो टाकला, मोठ्या अक्षरात दोन भागांत, कारण पीडीएफ बरेच जण उघडतच नाहीत. पानाच्या वर ठळक लिहिलंय "२० मार्चपर्यंतची माहिती". फॉरवर्ड झालेला कागद महिनोन्महिने फिरतो आणि तारीख नसली तर जुना कोणता आणि नवा कोणता ते कळायला मार्ग राहत नाही. खाली "अजून ठरलेलं नाही" या मथळ्याखाली बस आणि लॉकर, प्रत्येकापुढे कोण सांगणार आणि कधी. लॉकरला प्लांट हेडनी १५ एप्रिल दिलीय.

क्रम असा झाला: रूम रेंट, नाव कुणाचं घालता येतं, कधीपर्यंत आणि फॉर्म कुठे, आईवडिलांचा हप्ता आणि त्यावरचा जीएसटी, बिलातले तुम्ही किती भरायचे, कॅशलेस, आधीपासून चालू असलेली ट्रीटमेंट, कॉन्ट्रॅक्ट, मग न ठरलेलं. ट्रान्सक्रिप्टमधला क्रम पूर्ण मोडला, तिथे सुरुवातीची वीस मिनिटं प्रॉडक्शनचे आकडे होते, ते एफएक्यूत अजिबात नाहीत कारण त्यावर कुणाचाच प्रश्न नव्हता.

शीट ठेवून दिलीय. कुणी उद्या विचारलं की हे उत्तर कशावरून, तर रेकॉर्डिंगमधली वेळ किंवा पॉलिसीचं कलम लगेच दाखवता येईल.

२७ मार्च

बसची तारीख परवा होऊन गेली. ठेकेदाराचा दर आलाय पण मंजुरी व्हायचीय. ॲडमिन म्हणाला मंजुरी झाली की एकदमच टाकू, मी म्हटलं नाही, २५ म्हटलं होतं तर आता जे आहे ते लिहायचं. बोर्डावर ती ओळ बदलली: "दर आला आहे, मंजुरी बाकी आहे, पुढची माहिती १० एप्रिलपर्यंत", आणि वरची तारीख "२७ मार्चपर्यंतची माहिती" केली. व्हॉट्सॲपवर पण जुन्या फोटोला रिप्लाय करूनच नवीन टाकला.

टाइम ऑफिसच्या पेटीत रोज फॉर्म येतायत, जास्त करून सेकंड आणि थर्डचे. त्यात बऱ्याच जणांनी आईवडिलांची जन्मतारीख रिकामी सोडलीय, माहिती नाही म्हणून. ब्रोकरला विचारलं, आधार कार्डावरची चालते. तेवढी एक ओळ एफएक्यूत वाढवली आणि पेटीवर पण चिकटवली, ३१ ला अजून चार दिवस आहेत.